सॉल्ट अपॉन ॲसिडच्या पलीकडे

घाटकोपर-मुलुंडच्या क्लासेसमध्ये बारावीचा आयनिक इक्विलिब्रिया सुरू झाला की हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण लगेच फळ्यावर येतं:

pH = pKa + log([salt]/[acid])

मुलांच्या तोंडी त्याचं ‘सॉल्ट अपॉन ॲसिड’ होतं. परीक्षेपुरतं ते चोख चालतं, कारण गणितांतली द्रावणं सहसा ०.१ मोलरच्या आसपास असतात. पण समीकरण कुठे थांबतं, हे शिकवण्यात फारसं येत नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

समीकरणात एक गृहीतक दडलेलं आहे: बाटलीत जेवढं आम्ल आणि जेवढा क्षार घातला, तेवढाच शेवटपर्यंत राहतो. प्रत्यक्षात आम्लाचा काही भाग विघटित होतो. तेवढं आम्ल घटतं आणि क्षाराचा आयन तेवढाच वाढतो. दोन्ही ०.१ मोलरच्या आसपास असताना हा फरक नगण्य असतो; एक दुसऱ्यापेक्षा फारच कमी असला की नाही.

ॲसिटिक आम्ल घेऊ, Ka १.८ × १०⁻⁵. आम्ल ०.१ मोलर आणि सोडियम ॲसिटेट फक्त ०.०००१ मोलर. गुणोत्तर एक हजारांश, म्हणून सूत्र सांगतं पीएच १.७४. आता ॲसिटेट न घालता नुसत्या ०.१ मोलर आम्लाचा पीएच काढा: २.८७. म्हणजे ॲसिटेट घातल्यावर द्रावण जास्त आम्लधर्मी झालं! उत्तर चुकलंय हे ओळखायला याहून सोपी खूण नाही, आणि ती तपासायला मिनिटही लागत नाही.

दुरुस्ती अशी. [H+] ला h म्हणा:

h = Ka (Ca − h) / (Cb + h)

इथे Ca आणि Cb म्हणजे घातलेलं आम्ल आणि घातलेला क्षार. वर्गसमीकरण सोडवलं की h येतो ०.००१२८, पीएच २.८९. आधीचं उत्तर पुन्हा पुन्हा आत घालून सुधारायला गेलात, तर इथे आकडा ०.०१८ वरून ०.००००८ वर आणि तिथून ०.०१ कडे हेलकावतो. अशा टोकाच्या गुणोत्तरात थेट वर्गसमीकरणच बरं.

विरल बफरमध्ये मात्र उत्तर पुन्हा पुन्हा आत घालण्याची युक्ती चालते. दोन्ही ०.०००१ मोलर असताना सूत्र ४.७४ म्हणतं, तीन-चार फेऱ्यांत उत्तर ४.८६ वर स्थिरावतं. दोन्ही १०⁻⁵ मोलर केले तर खरा पीएच ५.२७, सूत्र अजून ४.७४ वरच अडून. आणखी विरल केलं, पीएच ७ जवळ आला, की पाण्याचा स्वतःचा OH⁻ सुद्धा धरावा लागतो. मग वरच्या दोन्ही कंसांत h ऐवजी (h − [OH−]) लिहायचं.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत मात्र वेगळाच अडथळा भेटतो. पीएच मीटर जुळवायचं फॉस्फेट बफर ०.०२५ मोलल अधिक ०.०२५ मोलल, म्हणजे गुणोत्तर एक. दुसरा pKa ७.२०, तरी २५ अंशांना पीएच ६.८६. हे बफर विरल नाही, गुणोत्तरही टोकाचं नाही. इथे वर्गसमीकरण उपयोगाचं नाही, कारण चूक आयनांच्या परस्पर ओढीची आहे. त्यासाठी ॲक्टिव्हिटी गुणांक लागतात.