‘मी’ नसलेला अर्ज

मंचरला पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका बंगाली मुलीने कोलकात्याच्या एका विज्ञान मासिकाकडे इंटर्नशिपसाठी अर्ज लिहिला आणि मला वाचायला दिला. बंगालीत, जेमतेम पानभर. ‘माननीय सम्पादक महाशय, सविनय निवेदन’ अशी रीतीची सुरुवात, मग एका ओळीत ओळख: ‘पदार्थविद्यार शेष वर्षेर छात्री’. बंगालीला इथे ‘आहे’ लागत नाही, आणि तिने ‘आमि’ही, म्हणजे ‘मी’ही, लिहिलेलं नाही.

पहिल्या मसुद्यात मात्र वाक्य होतं, ‘आमि एकजन दक्ष ओ परिश्रमी लेखिका’. स्वतःला कुशल आणि कष्टाळू म्हणवून घेतलं की वाचणारा लगेच पुरावा शोधू लागतो, आणि पुढे तो नसला की विशेषणं पोकळ वाटतात. तिने ती ओळ काढली आणि केलेलं काम ठेवलं. खोडदच्या जीएमआरटी महादुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्या दूरदूर पसरून एकत्र का काम करतात, हे तिने जुन्नर तालुक्यातल्या शाळकरी मुलांना सांगितलं होतं. त्याबद्दल ती लिहिते: ‘ग्रामेर छेलेमेयेदेर माराठिते बुझियेछि, परे सेटाइ बांलाय लिखेछि.’ गावातल्या मुलांना मराठीत समजावलं, नंतर तेच बंगालीत लिहिलं.

या वाक्याचं सौंदर्य ‘छि’ या प्रत्ययात आहे. ‘लिखेछि’ म्हटलं की लिहिणारी मी हे क्रियापदच सांगतं, वेगळा ‘मी’ लागत नाही. माझ्या भाषांतरात तो कर्ता हरवला, कारण मराठीत ‘लिहिलं’ हे मी, त्याने, तिने, त्यांनी लिहिलेलं असू शकतं. म्हणून आपल्याला ‘मी’ लिहावाच लागतो, आणि सलग चार वाक्यांत तो आला की अर्ज छाती काढून उभा असल्यासारखा दिसतो. तिच्या अर्जात काम पुढे येतं आणि करणारी क्रियापदाच्या शेपटात राहते. सोबत जोडलेला तो बंगाली लेख हा त्या कामाचा पुरावा, म्हणून ‘मी’ टाळणं हा संकोच वाटत नाही.

एक ओळ मला खटकली: ‘आपल्या मासिकात शिकणं हे स्वप्न आहे’. मासिकाचं नाव बदललं तरी ती तशीच चालेल. तिच्या जागी मासिकातला एखादा वाचलेला लेख हवा होता.

शेवट मात्र उत्तम साधला आहे. लेखाबद्दल ती म्हणते, ‘तथ्येर भुल थाकले दाय आमार, धरिये देबेन’. माहितीत चूक असेल तर जबाबदारी माझी, दाखवून द्यावी. अख्ख्या पत्रात ‘माझी’ हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो, आणि तोही चुकीची जबाबदारी घेताना. आपल्या लेखाची खात्री असलेली मुलगीच संपादकाला चूक काढायला सांगू शकते.