ओफेलियाचा रॉबिन: एका ओळीवरून गाणं शोधताना

'हॅम्लेट'च्या चौथ्या अंकातला पाचवा प्रवेश काढा. वडिलांचा खून झाल्यापासून ओफेलियाचं मन ताळ्यावर नाही. ती गाण्यांचे तुकडे म्हणत फुलं वाटत फिरतेय आणि फ्रान्सहून परतलेला तिचा भाऊ लेअर्टिस समोर उभा राहून बघतोय. वडील गेले तेव्हा व्हायोलेटची फुलं सुकून गेली, त्यांचा शेवट चांगला झाला असं लोक म्हणतात, एवढं बोलून ती मध्येच एक ओळ गाते. देखणा, गोड रॉबिन हाच आपला सगळा आनंद, असा त्या ओळीचा अर्थ. पुढे काही नाही, मागे काही नाही. आणि नाटकात रॉबिन नावाचं कुणीही नाही.

मग हा रॉबिन कुठून आला? हे नुसतं चौकशीखातर विचारायचं नाहीये. त्याच नाटकात आधी एकदा असंच झालंय आणि तिथे उरलेलं गाणं माहीत असल्याशिवाय संवाद कळतच नाही. दुसऱ्या अंकात हॅम्लेट पोलोनियसला जेफ्था म्हणतो आणि एका गाण्याच्या ओळी सुरू करतो. पोलोनियस गोंधळतो. पुढचं हवं असेल तर त्या धार्मिक गाण्याचं पहिलं कडवं बघा, असं हॅम्लेट त्याला जवळजवळ सांगूनच टाकतो. जेफ्था हा बायबलमधला न्यायाधीश. लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं समोर येईल ते अर्पण करीन असा नवस तो बोलतो आणि समोर येते त्याची एकुलती एक मुलगी. हॅम्लेट ओळी म्हणतो गाण्याच्या सुरुवातीच्या, पण पोलोनियसच्या डोक्यावर टांगतो तो गाण्याचा शेवट: तू तुझ्या मुलीचा बळी देणार आहेस. ते गाणं आज पूर्ण उपलब्ध आहे. अठराव्या शतकात थॉमस पर्सी यांनी ते आपल्या 'रेलिक्स' या संग्रहात घेतलं, तेव्हा ते एका बाईंनी आठवणीतून लिहून दिलेलं होतं. त्यांनी ते वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं.

म्हणजे शेक्सपिअर अशी उसनी ओळ कशी वापरतो हे आपल्याला माहीत आहे. न म्हटलेला भाग प्रेक्षकांनी मनात पूर्ण करायचा. ओफेलियाच्या ओळीला हाच नियम लावायचा, तर आधी तिचं गाणं सापडायला हवं.

पहिलं काम म्हणजे ओळ नीट बघणं, कारण शोधायचं कुठे हे ओळच सांगते. मूळ इंग्रजीत ती 'फॉर'ने सुरू होते, म्हणजे 'कारण'ने. हा शब्द अनुवादात सहज गळू शकतो. आगरकरांच्या 'विकारविलसित'पासून (१८८३) हॅम्लेट मराठीत आहे, पण तुमच्या हातात कुठलाही अनुवाद असो, या कामापुरतं मूळ वाक्य समोर ठेवा. गाणं 'कारण'ने सहसा सुरू होत नाही. आधी काहीतरी म्हटलेलं असतं आणि ही ओळ त्याचं कारण देते. तेव्हा ही पहिली ओळ नसावी, कडव्याची दुसरी किंवा शेवटची असावी. याचा व्यवहारातला परिणाम असा: गीतसंग्रहांच्या मागे जी पहिल्या ओळींची सूची असते तिच्यात हिला शोधून उपयोग नाही. तिथे मिळाली नाही म्हणून गाणंच नाही असंही म्हणता येत नाही.

दुसरी अडचण तुम्ही ओळ सर्चमध्ये टाकलीत की लगेच दिसेल. सगळे निकाल हॅम्लेटचेच येतात. ओळ इतकी प्रसिद्ध झाली की तिने आपलं मूळ झाकून टाकलंय. म्हणून ओळीतला मधला, नावासारखा तुकडा घ्यायचा आणि नाटक वजा करायचं:

```
"bonny sweet robin" -hamlet -ophelia
```

मग तेच 'bony' आणि 'bonnie' या स्पेलिंगने करून बघायचं, कारण त्या काळात स्पेलिंग ठरलेलं नव्हतं. आता चित्र बदलतं. शब्दांऐवजी स्वरलिपी मिळायला लागते. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये कीबोर्डच्या संगीताची एक मोठी हस्तलिखित वही आहे, 'फिट्झविल्यम व्हर्जिनल बुक'. तीत जाइल्स फार्नबीच्या नावावर या शीर्षकाची रचना आहे आणि जॉन मंडेची नुसती 'रॉबिन' नावाचीही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये विल्यम बॅलेटच्या ल्यूटच्या वहीत तीच चाल आहे. एवढ्या ठिकाणी आहे म्हणजे ती त्या काळी घराघरात वाजत असणार. शब्द मात्र कुठेच नाहीत. वाजवणाऱ्याला शब्द लिहून ठेवायची गरज नव्हती, ते सगळ्यांना पाठ होते.

इथे एक चकवा आहे. शेक्सपिअरच्याच 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये विदूषक फेस्टे एका रॉबिनचं गाणं म्हणतो. ते आठव्या हेन्रीच्या दरबारातलं, विल्यम कॉर्निशची संगीतरचना असलेलं, आणि त्याचे शब्दही मिळतात. नाव तेच, नाटककार तोच, काळही जुळतो. पण चाल वेगळी, कडव्याची घडण वेगळी आणि ओफेलियाची ओळ त्यात नाही. नावावरून जुळणी केली की फसगत होते ती अशी. जुळणी तपासायची तर ओळ त्या चालीवर बसते का हे बघावं लागतं.

ते बघायला मदत होते रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाण्यांची. कागदाच्या एकाच बाजूला छापलेली ही स्वस्त गाणी म्हणजे 'ब्रॉडसाइड बॅलड', आपल्याकडे जत्रेत मिळायच्या त्या गाण्यांच्या चोपड्यांसारखी. त्यांत स्वरलिपी सहसा नसायची. वर फक्त 'अमुकतमुकच्या चालीवर' असं असायचं. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं पाहिली असतील तर ही पद्धत ओळखीची वाटेल. तिथेही पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचे शब्द दिलेले असतात. सांता बार्बराच्या विद्यापीठाचं 'इंग्लिश ब्रॉडसाइड बॅलड अर्काइव्ह' सगळ्यांना खुलं आहे आणि त्यात चालीच्या नावाने शोधता येतं. आपल्या रॉबिनच्या चालीवर एक बॅलड मिळतो, राजा एडवर्ड लंडनच्या एका सुंदर मुलीची मनधरणी करतो त्याचा. तिच्या उत्तराचाही वेगळा बॅलड आहे.

हे गाणं ओफेलियाचं नाही, तरी त्याचा साचा आपल्या कामाचा आहे. चार ओळींचं कडवं, दोन-दोन ओळींचं यमक, प्रत्येक ओळीत चार आघात, आणि दादऱ्यासारखी तीन-तीनच्या झोक्यावर चालणारी लय. ओफेलियाची ओळ टेबलावर बोटाने ठोका देत म्हणून बघा. चार आघात मिळतात, झोकाही तोच, फक्त शेवटी एखादं अक्षर कमी पडतं आणि ते गाताना सहज ताणता येतं. म्हणजे ओळ या चालीवर बसते. चालीपुरता तरी शोध पूर्ण झाला असं मी म्हणेन.

शब्दांचं काय? एक मोह होतो. बॅलेटच्या वहीत या चालीचं नाव वेगळं आहे: रॉबिन हूड हिरव्या रानात गेला, अशा अर्थाचं. ही गाण्याची पहिली ओळ मानली तर सगळं छान जुळून येतं. रॉबिन रानात निघून गेला, म्हणून मी दुःखी, कारण तोच माझा सगळा आनंद. हॅम्लेटला इंग्लंडला धाडून दिलेलं आहे, बाप जमिनीखाली गेलाय, आणि मुलगी निघून गेलेल्या माणसाचं गाणं म्हणतेय. बऱ्याच वाचकांना हा अर्थ पटतो. मलाही आवडतो. पण संगीत नाटकातली 'चाल' पुन्हा आठवा. एका चालीवर पाच गाणी असतात आणि चालीला त्यांतल्या कुठल्याही गाण्याचं नाव पडतं. रानात गेलेल्या रॉबिनचं गाणं आणि 'माझा सगळा आनंद' असलेल्या रॉबिनचं गाणं एकच होतं, हे दोन नावं एका चालीला आहेत एवढ्यावरून ठरत नाही. ठरायला दोन्ही ओळी एकाच कागदावर सापडायला हव्यात.

आणखी एक साक्षीदार पुढे केला जातो. शेक्सपिअर आणि फ्लेचर यांच्या 'द टू नोबल किन्समन'मध्ये (छापलं १६३४ साली) प्रेमात वेडी झालेली तुरुंगाधिकाऱ्याची मुलगी आपल्याला येणाऱ्या गाण्यांत 'बॉनी रॉबिन'चं नाव घेते. यावरून हे गाणं वेड्या, सोडून दिलेल्या मुलींचंच मानलं जायचं असं म्हणावंसं वाटतं. पण हे नाटक 'हॅम्लेट'नंतरचं आहे आणि त्या मुलीवर ओफेलियाची सावली स्पष्ट आहे. ओफेलियाने गायलं म्हणूनच तिच्या तोंडी ते नाव आलं असू शकतं. दुसरा साक्षीदार पहिल्याचं ऐकून बोलत असेल तर साक्षी दोन होत नाहीत.

मग हातात काय उरलं? एक लोकप्रिय चाल, आणि 'कारण'ने सुरू होणारी एक ओळ. एवढ्यावरही तो प्रसंग आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतो, असं माझं म्हणणं आहे. ओफेलियाच्या ओळीनंतर लगेच लेअर्टिस बोलतो: दुःख, यातना, अगदी नरकसुद्धा ही गोड आणि लोभस करून टाकते. नुसतं वाचताना हे भावाचं कौतुकभरलं रडणं वाटतं. चाल माहीत झाली की कळतं, तो त्या झुलत्या, सगळ्यांच्या ओठांवरच्या चालीला दाद देतोय. त्याला गोडवा ऐकू आला. 'कारण' हा शब्द ऐकू आला नाही. बहिणीने एका गोष्टीचं कारण सांगितलं आणि ती गोष्ट गाळली, हे त्याच्या लक्षातच येत नाही. बाप गमावलेली, हॅम्लेटने झिडकारलेली मुलगी जे उघड बोलू शकत नाही ते त्या गाळलेल्या जागेत आहे. तिथे रॉबिन हूड, प्रियकर किंवा बाप यांपैकी एकाला कायमचं बसवलं की आपणही लेअर्टिससारखंच ऐकायला लागतो.

म्हणून पुढच्या वेळी रंगमंचावर किंवा पडद्यावर 'हॅम्लेट' बघाल तेव्हा या एका ओळीपाशी कान द्या. अभिनेत्री ती नुसती बोलते की गाते? गात असेल तर चाल नवी, उदास बांधलेली आहे की झुलती? उदास चाल लावली की लेअर्टिसचं पुढचं वाक्य अधांतरी राहतं, कारण गोड करण्यासारखं समोर काही घडलेलंच नसतं. आणि छापील प्रतीत त्या ओळीशेजारी 'गाते' असं कंसात असेल, तर ती सूचना १६०४ सालच्या किंवा १६२३ सालच्या छपाईतली आहे की आजच्या संपादकाने घातलेली, ते मागच्या टिपांत बघून घ्या.