मोड्युलॉरचा पुरुष आणि ओट्याची उंची

ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराचा ‘मोड्युलॉर’ हा ग्रंथ 1950 मध्ये प्रसिद्ध झाला व 1955 मध्ये त्याचा दुसरा भाग आला. मानवी देहाच्या प्रमाणांतून इमारतीची सर्व मापे निष्पन्न करावीत, ही त्यातील प्रतिज्ञा होय. एक पुरुष उजळ भिंतीसमोर हात उंचावून उभा आहे, त्याची उंची 183 सेंटिमीटर, बेंबी 113 वर, उंचावलेल्या हाताची बोटे 226 वर. आणि या तीन आकड्यांतून सुवर्णप्रमाणाच्या साहाय्याने 86, 70, 43, 27 अशी उतरती माला तयार होते. मार्सेय येथील वसाहतीच्या इमारतीत (1947-52) छत 226 वर आहे आणि एका घराची रुंदी 366, म्हणजे त्या पुरुषाच्या दुप्पट आहे. पुढे चंदीगडच्या उभारणीतही हीच माला वापरली गेली.

हा पुरुष आला कोठून, याचे उत्तर ग्रंथकाराने मोकळेपणाने दिले आहे. आरंभी त्याची उंची 175 होती. आकडे फूट-इंचांत नीट बसेनात. तेव्हा एका सहकाऱ्याने सुचविले की, इंग्रजी रहस्यकथांतील देखणे नायक, उदाहरणार्थ पोलीस, नेहमी सहा फुटी असतात. सहा फूट म्हणजे 182.88, आणि माला जुळली. या कथेची टीकाकारांनी पुष्कळ थट्टा केली आहे. परंतु केवळ उंचीच्या निवडीवर बोट ठेवल्याने ग्रंथातील खरा दोष निसटतो. नायक पाच फुटी असता, तरी तो दोष तसाच राहिला असता.

उंचावलेल्या हाताचे माप भारतीयांना नवीन नाही. अमरकोशात ‘पौरुष’ या शब्दाचा अर्थ हात वर केलेल्या मनुष्याएवढे माप असाच दिला आहे, आणि विहिरीची खोली मोजताना मराठीत वापरला जाणारा ‘परस’ हा शब्द त्याच कुळातील आहे. शुल्बसूत्रांत एक पुरुष म्हणजे 120 अंगुळे. अंगुळ पावणेदोन ते दोन सेंटिमीटरांच्या दरम्यान धरले, तर हे माप 226 च्या आसपासच येते, हा योगायोग मनोरंजक आहे. परंतु येथेच दोन्ही पुरुषांतील भेदही दिसतो. अग्निचयनाच्या विधीत वेदी मोजण्याचा वेळू ज्याच्यासाठी वेदी रचावयाची त्या यजमानाच्या, हात उंचावलेल्या देहावरून कापला जाई. यजमान बदलला की वेळू बदले. ‘हात’, ‘वीत’, ‘मूठ’ या मापांचाही मूळ व्यवहार असाच आहे. ज्याच्या हाताचे काम, त्याच्या हाताचे माप. मोड्युलॉरचा पुरुष कोणाचाच यजमान नाही. तो कोणत्या कामासाठी उभा आहे, हेही माला सांगत नाही.

हा आक्षेप एका उदाहरणाने तपासून पाहता येईल. स्वयंपाकघरातील ओट्यावर उभ्याने काम करताना निर्णायक अवयव कोपर आहे. उभ्या माणसाचे कोपर ढोबळमानाने त्याच्या उंचीच्या 0.63 पटीवर असते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर. म्हणजे कोपर 96 वर. हलक्या हाताच्या चिरण्या-निवडण्याला कामाचा पृष्ठभाग कोपराखाली 10 ते 15 सेंटिमीटर असावा, म्हणून तो 81 ते 86 च्या दरम्यान आला पाहिजे. मोड्युलॉरच्या मालेत नेमका 86 आहे! मात्र ग्रंथकाराच्या चित्रात तो तळहात टेकण्याची जागा म्हणून आलेला आहे, आणि ज्याच्या देहातून तो काढला त्या 183 च्या पुरुषाचे कोपर 115 वर असते. त्याने 86 च्या ओट्यावर भाजी चिरली, तर पृष्ठभाग कोपराखाली 29 सेंटिमीटर जाईल आणि त्याला कमरेतून वाकावे लागेल. आकडा आपल्या जनकाला जुळत नाही व परक्या देहाला जुळतो, याचा अर्थ तो योगायोगाने जुळतो. प्रमाणाची साखळी सुंदर आहे. पण कामाशी तिचे नाते नाही.

याहून गहन अडचण अशी की, ओट्याची उंची आणि कामाची उंची या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात चुलीची तबकडी बहुधा ओट्याच्या पातळीतच बसविलेली असते. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत गॅसची शेगडी ओट्यावर ठेवलेली असते. 83 चा ओटा, त्यावर 12 ची शेगडी, त्यावर 18 खोलीचे पातेले. त्याचा काठ 113 वर गेला. 96 वर कोपर असलेल्या स्त्रीला पिठले घोटताना हात सतत कोपराच्या वर उचलून धरावा लागतो, आणि खांद्याचे दुखणे तेथून सुरू होते. पोळी लाटताना वरून भार द्यावा लागतो. त्यामुळे पोळपाटाची पाठ चिरण्याच्या फळीहून खाली असली पाहिजे, आणि पोळपाट स्वतः चार-पाच सेंटिमीटर उंच असतो. उलट मोरीचा तळ ओट्याखाली 15 ते 20 सेंटिमीटर असतो. तेथे पाठ वाकते. दगडाचा एकच सलग पट, पण त्यावर तीन कामे तीन पातळ्यांवर चालतात. खांदे वर ओढले जातात तेथे पृष्ठभाग उंच आहे, पाठ वाकते तेथे ठेंगणा, एवढी खूण कोणत्याही घरात पाहता येते. शेगडीपुरता ओटा खाली उतरविणे हा उपाय गवंड्यालाही कठीण नाही. जुन्या फरशीवर नवी फरशी बसविली की ओटा चार-पाच सेंटिमीटरांनी आपोआप ठेंगणा होतो, हे मात्र सहसा कोणाच्या हिशेबात नसते.

विळी आणि चूल जमिनीवर होती तेव्हा हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. त्या बैठकीचे अन्य कष्ट होते, गुडघ्यांचे व धुराचे, हे खरे. परंतु बसल्या माणसाच्या कोपराची उंची त्याच्या एकंदर उंचीवर फारशी अवलंबून नसते, कारण माणसामाणसांतील उंचीचा बराचसा फरक पायांत असतो. राहिलेला फरक पाट भरून काढी. उभा ओटा आला आणि पायांची लांबी हिशेबात शिरली.

बैठकीच्या खोलीचे आणि वाटेच्या रुंदीचे गणित तर एका देहाला मुळीच पेलणारे नाही. आसनाची खोली नितंबांच्या मागल्या टोकापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतच्या अंतराहून चार-पाच सेंटिमीटरांनी कमी असावी लागते. ती जास्त झाली की ठेंगण्या व्यक्तीच्या लवणीत कड रुतते, किंवा ती पुढे सरकते आणि पाठीला आधार उरत नाही. म्हणून येथे सर्वांत आखूड मांडीचा माणूस प्रमाण. याउलट वाट सर्वांत रुंद माणसाला प्रमाण मानते. एकाला ओझ्याशिवाय 60 सेंटिमीटर पुरतात. दोघे समोरासमोर येणार असतील तर 110 ते 120 लागतात. आसनाला लहान देह, वाटेला मोठा, ओट्याला प्रत्यक्ष काम करणारा. मोड्युलॉर या तिन्ही प्रश्नांना एकच पुरुष पाठवितो.

तो पुरुष बदलून त्याच्या जागी ‘सरासरी’ माणूस उभा केला तरी भागत नाही. 1952 मध्ये गिल्बर्ट डॅनियल्स यांनी अमेरिकन हवाई दलातील 4063 वैमानिकांची दहा मापे तपासली. प्रत्येक मापात मधल्या तीस टक्क्यांत येणारा, असा दहाही मापांत सरासरी ठरणारा एकही वैमानिक त्यांना आढळला नाही. उंच माणसाची मांडी लांबच असते असे नाही आणि ठेंगण्याचे खांदे अरुंदच असतात असेही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय मानवमितीचा ग्रंथ म्हणूनच कोणताही एक देह पुढे करीत नाही. प्रत्येक अवयवाची मापे तो निरनिराळ्या शततमकांवर नोंदवितो आणि कोणते शततमक घ्यावयाचे हा निर्णय वस्तूच्या उपयोगावर सोपवितो. वाचायला तो मोड्युलॉरइतका रम्य नाही. त्यात नायक नाही, केवळ तक्ते आहेत. पण ओटा बांधणाऱ्याने कोणाचे कोपर मोजावयाचे, हा प्रश्न त्या तक्त्यांसमोर बसल्यावर टाळता येत नाही.