यमक जुळले, म्हणून पटले?

आमच्या गावच्या सप्ताहात गेल्या वर्षी एका रात्री कीर्तनकार बुवांनी एक वाक्य टाकले : “सून आली शिकून, घर बसली विकून!” मंडप खदखदून हसला. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना सूनबाईने विचारले, “बाबा, काल निरूपणाला अभंग कोणता होता हो?” मला आठवेना. शेजारी माळकरी मित्र बसले होते, त्यांनाही आठवेना. दोघांच्याही तोंडात फक्त ते वाक्य होते. ती सहज म्हणाली, “सून आली शिकून, घर राहिलं टिकून. हेही जुळतंच की!”

त्या दिवसापासून मी कीर्तनातले गद्य कान देऊन ऐकू लागलो. अभंगाची चर्चा आपण पुष्कळ करतो. पण दोन तासांच्या कीर्तनात गायनाच्या मधल्या जागा भरणारे जे बोलणे असते, त्याचीही एक लय असते, आणि श्रोता घरी नेतो ते बहुधा तेच.

ही लय येते कुठून? आपला कान तिच्यासाठी आधीच तयार झालेला आहे. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार अशा अक्षरांत मोजलेले असतात. ज्ञानेश्वरीतल्या ओवीला मात्र अशी ठरलेली अक्षरसंख्या नाही. पहिले तीन चरण कमीजास्त लांबीचे, त्यांच्या शेवटी यमक, आणि चौथा आखूड चरण यमक सोडून देणारा. पारायणाला बसलेल्या माणसाला अक्षरे न मोजताही ओवी संपल्याचे कळते. म्हणजे मोजमाप नसले तरी सारख्या बांधणीने लय उभी राहते, हे वारकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

बोलण्यात ही बांधणी कशी होते, ते पाहू. साधा विचार असा : माणसाने मिळवलेले सगळे इथेच राहते, नाम तेवढे बरोबर येते. कीर्तनात तो असा मांडता येईल :

“बांधलेलं घर गावात राहतं. कसलेलं शेत शिवारात राहतं. जोडलेलं माणूस मसणापर्यंत येतं. घेतलेलं नाम तेवढं बरोबर येतं.”

अक्षरे मोजली तर बारा, तेरा, पंधरा, पंधरा भरतात. छंद नाही. यमकही खरे तर नाही. शेवटी ‘राहतं’ आणि ‘येतं’ हे शब्दच पुन्हा आले आहेत. तरी वाक्ये पावलासारखी पडतात, कारण चारही वाक्यांचा साचा एक आहे. आरंभी ‘बांधलेलं, कसलेलं, जोडलेलं, घेतलेलं’ हे चार-चार अक्षरांचे शब्द, मग ती वस्तू, मग ती कुठवर पोचते ते, आणि शेवटी क्रियापद. पहिल्या दोन वाक्यांत श्रोत्याला साचा कळतो. तिसऱ्यात क्रियापद बदलते, ‘राहतं’चे ‘येतं’ होते, आणि कान टवकारतो. चौथ्यात ‘तेवढं’ हा एक जास्तीचा शब्द साच्यात घुसतो आणि नाम बाकी सगळ्यांपासून वेगळे निघते. जिथे अर्थ वळतो तिथेच साचा वाकतो. लयीचे सगळे बळ या वाकण्यात आहे.

मागे उभ्या टाळकऱ्यांनाही हा साचा उपयोगी पडतो. वाक्ये एका मापाने येऊ लागली की बुवा आता प्रमाणावर येणार, हे त्यांना कळते. चौथे वाक्य पडते आणि मृदंगावर थाप येते, ती कुणी खूण केल्यामुळे नव्हे.

आता हाच विचार यमकासाठी यमक म्हणून जुळवून पाहू : “घर राहतं गावात, सोनं राहतं कपाटात, शेत राहतं शिवारात, नाम राहतं मनात.” हे पहिल्यापेक्षा जास्त खणखणते. मंडपात टाळ्याही पडतील. पण अर्थाचे काय झाले? नाम बरोबर येते, हे सांगायचे होते. इथे नामही ‘राहतं’. सोने कपाटात आणि नाम मनात, दोन्ही एका रांगेत बसली आणि दोन्ही इथेच राहिली. ‘आत’ने संपणारा शब्द हवा म्हणून ‘मनात’ आले, आणि त्याने सिद्धांतच फिरवला. बुवांना तसे म्हणायचे नव्हते. यमकाने त्यांच्याकडून ते म्हणवून घेतले.

मराठीत हा धोका फार, कारण आपल्याकडे यमक स्वस्त आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि त्याचे प्रत्यय मोजकेच. करून, धरून, शिकून, विकून, टिकून : ‘ऊन’ प्रत्यय लावला की हवे ते जुळते. ‘शिकून’ आणि ‘विकून’ जुळतात ते व्याकरणामुळे. शिकण्याचा आणि घर विकण्याचा काही संबंध आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण कानाला जे जुळले ते मनाला खरे वाटते. आमच्या सूनबाईने दोन शब्द बदलून दाखवले की तेच यमक उलट बाजूनेही तितकीच साक्ष देते. दोन्ही बाजूंनी साक्ष देणाऱ्या साक्षीदाराला पंचायतीत कुणी उभे करत नाही.

दुसरा दोष लांबणीचा. एकाच साच्याची तीन-चार वाक्ये झाली की पुढचे काय येणार ते श्रोत्याला आधीच कळते. मग तो मान डोलावतो, पण ऐकत नाही. आठ-आठ, दहा-दहा वाक्ये एका दमात म्हणणारे बुवा दमसासाची वाहवा मिळवतात. त्यांतली सहावी आणि सातवी बाजू उलटसुलट केली तर कुणाच्या लक्षात येते का, हे एकदा पाहावे. येत नसेल, तर ती दोन्ही नसती तरी चालले असते.

संस्कृत काव्यशास्त्रात वामनाने गद्याचे प्रकार सांगताना एकाला ‘वृत्तगंधि’ म्हटले आहे : ज्याला वृत्ताचा वास येतो ते गद्य. शब्द नेमका आहे. बुक्क्याचा वास यावा, पण बुक्का डोळ्यांत जाऊ नये.

परीक्षा सोपी आहे. जुळणारा शब्द काढून त्याच अर्थाचा न जुळणारा शब्द घालावा. ‘बांधलेलं’च्या जागी ‘उभारलेलं’ घातले तर लय थोडी अडखळते, विचार मात्र उभा राहतो. ‘विकून’च्या जागी ‘घर मोडलं’ म्हणून पाहा. हसू जाते आणि उरतो तो नुसता आरोप, तोही मागच्या रांगेत मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या सुनांसमोर केलेला.

यंदाच्या सप्ताहात मी वही घेऊन बसणार आहे. आधी अभंगाचा चरण लिहीन, मग बुवांचे वाक्य. सकाळी चहाच्या वेळी सूनबाईने पुन्हा विचारले, तर या वेळी उत्तर देता आले पाहिजे.

रामकृष्ण हरी.