‘कोणाकडून?’ : खरेदी-विक्रीच्या चौकटीची एक चाचणी

‘रमेशने कंदील विकला’ एवढंच वाक्य ऐकलं, तरी आपल्या मनात चार गोष्टी हजर होतात: विकणारा, घेणारा, वस्तू आणि पैसे. वाक्यात फक्त दोनच आहेत. बाकीच्या दोन शब्दाने मागून ओढून आणल्या. या पार्श्वभूमीच्या दृश्याला चार्ल्स फिलमोर ‘फ्रेम’ म्हणतात, म्हणजे चौकट. १९७७च्या लेखनात त्यांनी हाच व्यवहार उदाहरण म्हणून घेतला. दृश्य एकच, पण प्रत्येक क्रियापद त्याकडे वेगळ्या कोनातून बघतं, असं त्यांचं म्हणणं. ‘विकणे’ विकणाऱ्याला पुढे आणतं, ‘विकत घेणे’ घेणाऱ्याला.

इथपर्यंत मला पटतं. अडचण येते ती ‘पडणे’पाशी. फिलमोर यांनी इंग्रजीतलं किंमत सांगणारं क्रियापदही याच दृश्यात बसवलं होतं. त्याच धर्तीवर ‘कंदील मला अडीचशेला पडला’ हे वाक्य आपण सहज याच चौकटीत टाकतो: घेणारा मी, वस्तू कंदील, किंमत अडीचशे, विकणारा अध्याहृत.

आता हाच कंदील घरी केलाय असं समजा. कागद, काड्या, खळ मिळून खर्च अडीचशे. तरीही ‘अडीचशेला पडला’ हे वाक्य चालतंच! आता विचारा, ‘कोणाकडून?’ ‘विकत घेतला’नंतर हा प्रश्न रास्त आहे, उत्तर माहीत नसलं तरी ते असतं. इथे मात्र प्रश्नच गैरलागू. कागद विकणारा दुकानदार आहे, हे खरं. पण तो कागदाचा विक्रेता, कंदिलाचा नव्हे. म्हणजे विकणारा इथे अध्याहृत नाही, तो दृश्यातच नाही. ‘पडणे’ची चौकट व्यवहाराची नसून खर्चाची आहे. फिलमोर यांच्याच फ्रेमनेट प्रकल्पातही इंग्रजी क्रियापद पुढे खरेदी-विक्रीबाहेर, महाग-स्वस्तच्या चौकटीत गेलं.

मग आपण फसतो का? कारण आपण प्रत्ययावरून भूमिका ठरवतो. ‘रमेशला कंदील दोनशेला विकला’ यात पहिला ‘-ला’ घेणाऱ्याचा, दुसरा किमतीचा. ‘मला अडीचशेला पडला’ यातही तीच जोडी दिसते, म्हणून चौकटही तीच वाटते. पण ‘आईला साडी घेतली’ बघा: इथे आई विकणारीही नाही आणि पैसे मोजणारीही नाही, साडी तिच्यासाठी आहे. ‘-ला’ एकच, कामं तीन.

फिलमोर यांची मूळ कल्पना यानं मोडत नाही. मोडतो तो आपला आळस: वाक्यात पैसे दिसले की व्यवहाराचा शिक्का मारायचा. तुमच्या डेटात न दिसणाऱ्या भूमिकेला ‘अध्याहृत’ लिहिण्याआधी तिच्याबद्दल प्रश्न विचारून बघा. प्रश्नच लागू होत नसेल, तर चौकट बदला.