शिक्षण, कमाई आणि हिशेबातून गळलेले पाणी

‘शाळेच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई इतक्या रुपयांनी वाढते’ असे विधान वाचले, की त्या हिशेबातून काय गळले ते आम्ही आधी शोधतो. सांगलीकडे ते बहुधा पाणी असते.

काल्पनिक आकडे घेऊ. जतच्या कोरडवाहू घरांतले तरुण सरासरी ८ वर्षे शिकले, महिना ९,००० रुपये मिळवतात. वाळव्याच्या बागायती घरांतले १२ वर्षे शिकले, मिळवतात १५,०००. फरक ६,०००चा, वर्षे ४. मग वर्षामागे १,५००? पण जतमधल्याच ६ आणि १० वर्षे शिकलेल्यांत फरक २,०००चाच आहे, म्हणजे वर्षामागे ५००. वाळव्यातही हाच दर निघाला, तर ४ वर्षांचे २,००० होतात. उरलेले ४,००० पाण्याचे. ते शिक्षणाच्या खात्यावर चढले आणि दर १,०००ने फुगला. यालाच वगळलेल्या चलामुळे येणारी अभिनती म्हणतात. हजारो माणसांची पाहणी केली तरी ती जात नाही.

तिला दोन धागे लागतात: पाण्याचा कमाईशी आणि पाण्याचा शिक्षणाशी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहासारखी सोय दुसरा धागा सैल करते. कोरडवाहू घरांतली मुलेही सरासरी १२ वर्षे शिकली, तर पाणी वगळूनही दर ५००च येईल.

अर्थात त्या ५००वरही आमचा पुरता विश्वास नाही. जतमध्येच १० वर्षे शिकलेल्यांचे आईवडील अधिक शिकलेले असतील, तर?