चार वर्तुळांत न मावणाऱ्या दोन जागा

करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत हमखास दिसणारं एक चित्र आहे. एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळं. वरचं आवडीचं, डावीकडचं हातोटीचं, उजवीकडचं जगाच्या गरजेचं आणि खालचं मोबदल्याचं. चारही जिथे एकत्र येतात तिथे ‘इकिगाई’ असं लिहिलेलं असतं. शब्द जपानी असला तरी चित्र जपानचं नाही. स्पेनमधले ज्योतिषी आंद्रेस सुसुनागा यांनी जीवनहेतू दाखवण्यासाठी काढलेली ही आकृती 2012मध्ये एका स्पॅनिश पुस्तकात छापली गेली. 2014मध्ये मार्क विन या इंग्रज लेखकाने मधला ‘हेतू’ हा शब्द काढून तिथे ‘इकिगाई’ बसवला. ओकिनावातल्या शतायुषी माणसांबद्दलचं डॅन ब्यूटनर यांचं व्याख्यान त्याच्या मनात होतं. तेव्हापासून ही वर्तुळं जपानचं प्राचीन शहाणपण म्हणून फिरत आहेत.

मूळ कुठलंही असो, हे चित्र सावकाश वाचण्याजोगं आहे. बहुतेकांची नजर थेट मध्यभागी जाते. मला मात्र त्याचं खरं सौंदर्य मध्याला लागून असलेल्या चार पाकळ्यांत दिसतं. तिथे तीन वर्तुळं भेटतात आणि चौथं बाहेर राहतं. आवड, हातोटी आणि गरज आहे, पण मोबदला नाही, तर मन भरलेलं आणि खिसा रिकामा. हातोटी, मोबदला आणि गरज आहे, पण आवड नाही, तर सुखवस्तूपणा आणि आत पोकळी. गरज तेवढी वगळली, तर समाधान मिळतं, पण आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही असंही वाटत राहतं. आणि हातोटी नसेल तर उत्साहाच्या तळाशी कायमची धाकधूक. प्रचलित आवृत्तीत या पाकळ्यांवर साधारण अशाच अर्थाच्या ओळी असतात. ‘नोकरीत मन लागत नाही’ ही मोघम तक्रार त्या चार वेगळ्या दुखण्यांत विभागतात, आणि दुखणं वेगळं तर उपायही वेगळा. ज्याला पोकळी जाणवते त्याला पगारवाढ देऊन काही होत नाही. ज्याला धाकधूक आहे त्याने नोकरी बदलण्याआधी शिकायला हवं. म्हणून हे चित्र हातात आलं की मी आधी विचारतो, ‘कोणत्या पाकळीत आहेस?’ मध्य नंतर पाहता येतो.

आता रेषांकडे पाहू. चार गोष्टी प्रत्येकी असतील किंवा नसतील, तर एकूण सोळा शक्यता होतात. कागदावर चार वर्तुळं कशीही काढली तरी त्यांतून बाहेरच्या मोकळ्या जागेसकट जास्तीत जास्त चौदाच भाग पडतात. हे भूमितीचं बंधन आहे. अशा आकृत्या ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात त्या जॉन व्हेन यांनी 1880मध्ये चार संचांसाठी म्हणूनच लंबवर्तुळं वापरली होती. इकिगाईच्या चित्रात समोरासमोरच्या वर्तुळांची निव्वळ जोडी कुठेच होत नाही. आवड आणि मोबदला एवढंच असलेली जागा त्यात नाही, आणि हातोटी आणि गरज एवढंच असलेलीही नाही.

पहिली जागा फारशी अडवत नाही. दुसरीपाशी थांबायला हवं. हातोटी आहे, गरज आहे, पण आवड नाही आणि पैसाही नाही, असं काम कोणतं? अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवणारी सून घ्या. पाठीवरची लाली जखमेच्या आधी ओळखणं, इन्सुलिनची वेळ सांभाळणं, गिळता येत नाही म्हणून पेज किती पातळ करायची ते जाणणं, हे सगळं कौशल्यच आहे. गरजेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. या कामाला चित्रात कुठे तरी बसवायचं तर तिला एक तर ‘मला हे आवडतं’ असं म्हणावं लागेल, नाही तर वेतन मागावं लागेल. दोन्ही नसेल तर ती कागदावरच नाही. भारताच्या 2019च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. इतक्या मोठ्या कामाला घर नसलेल्या नकाशावरून एखाद्या बाईला करिअरची दिशा दाखवायची म्हणजे तिच्या आयुष्याची काही वर्षं कोरी धरायची. मुलाखतीत तिला ‘मधला खंड’ समजावून सांगावा लागतो तो याच दृष्टीमुळे. हा चित्राचा मला सर्वांत जास्त खटकणारा दोष आहे.

दुसरी उणीव काळाची. ती समजायला जपानलाच जावं लागतं. मिएको कामिया (1914–1979) या मनोविकारतज्ज्ञ. इकिगाईवरचं त्यांचं 1966चं पुस्तक हा त्या विषयाचा पायाभूत ग्रंथ. एकोणिसाव्या वर्षी त्या धर्मप्रचारक मामांबरोबर प्रार्थनेला ऑर्गन वाजवायला एका कुष्ठालयात गेल्या, आणि इथेच काम करायचं असं मनात ठरलं. त्या दिवशी त्यांचं चित्र काढलं असतं तर आवड आणि गरज भरलेली, हातोटी आणि मोबदला रिकामे. घरून विरोध होता. मग क्षयाने गाठलं. त्या ग्रीक साहित्य शिकल्या, पुढे वैद्यकाकडे वळल्या आणि 1944मध्ये डॉक्टर झाल्या. युद्धानंतर भाषांतरं, लग्न, दोन मुलगे, घर चालवण्यासाठी भाषांच्या शिकवण्या. त्या काळातलं चित्र पाहिलं तर हातोटी आणि मोबदला भरलेले, पण ओढ होती ती बाजूला राहिलेली. नागाशिमा बेटावरच्या आइसेइएन कुष्ठालयात त्या नियमित जाऊ लागल्या त्या 1957मध्ये, पहिल्या ओढीनंतर वीसहून अधिक वर्षांनी. बेटाला तेव्हा पूलही नव्हता.

1950च्या सुमारास कुणी वर्तुळं भरून घेतली असती, तर निष्कर्ष एकच निघाला असता: तुमचा पेशा भाषा. तो चुकीचाही नव्हता. मार्कस ऑरेलियसच्या चिंतनिकेचा त्यांचा जपानी अनुवाद आजही वाचला जातो. वर्तुळं एका दिवसाचा फोटो काढतात. कोणतं वर्तुळ वाढतं आहे, कोणतं आटतं आहे, घरात कोण आजारी आहे, यातलं काही त्यात उमटत नाही.

आइसेइएनमध्ये कामियांना आणखी एक गोष्ट दिसली. आजार सौम्य असूनही अनेकांना दिवस निरर्थक वाटत होते, तर दृष्टी आणि हातापायांची शक्ती गेलेल्या काहींना जगणं अर्थपूर्ण वाटत होतं. सक्तीने समाजाबाहेर ठेवलेल्या या माणसांपाशी मोबदल्याचं वर्तुळ जवळपास नव्हतंच. कामियांनी मांडलेल्या गरजांत बदल आहे, भविष्य आहे, स्वातंत्र्य आहे, दुसऱ्याकडून मिळणारा प्रतिसाद आहे. पगार त्यांत नाही. त्यामुळे अर्थाची सगळी जबाबदारी नोकरीवर टाकणं ही चित्राने घातलेली भर आहे, इकिगाईची मागणी नव्हे.

कागद फेकून द्यावा असं मी म्हणणार नाही. समोर बसलेल्या तरुणाला मी वर्तुळं काढू देतो, पण प्रत्येकाशेजारी काही लिहायला सांगतो. मोबदल्यापाशी महिन्याचा आकडा आणि घरभाडं. गरजेपाशी गरज कुणाची आणि पैसे कोण देतं, ही दोन वेगळी नावं, कारण कुष्ठरोग्याची गरज आणि बाजाराची मागणी एक नसते. आवडीपाशी हे शेवटचं कधी केलं ती तारीख. आणि वर्तुळांच्या बाहेर, समासात, सध्या बिनपगारी आणि मनाविरुद्ध जे करतोस ते सगळं, त्याला रोज लागणाऱ्या तासांसकट. पाच वर्षांपूर्वीचं असंच एक चित्र शेजारी काढलं, की बोलणं मध्यबिंदू सोडून त्या दोन कागदांमधल्या फरकावर येतं.